दोन आकड्यांमधलं अंतर

बेन्झॉइक आम्ल गरम पाण्यात विरघळवलं, सावकाश थंड केलं, पांढरे स्फटिक गाळून वाळवले. अहवालात मात्र नुसतं ‘द्रवणांक १२२’ लिहून भागत नाही. केशनळीत पहिला थेंब दिसला ते तापमान आणि शेवटचा कण वितळला ते, दोन्ही हवीत. समजा, आधी ११५–११९ अंश सेल्सिअस, आता १२१–१२२.

मिसळलेला परका पदार्थ स्फटिकाची घडी विस्कटतो. द्रवणांक उतरतो, पल्लाही रुंदावतो. ओलसर राहिलेले स्फटिकही तेच सोंग आणतात. घाईने तापवलं तर आकडे फसवतात, म्हणून शेवटी मिनिटाला एक-दोन अंशच.

अरुंद पल्ला शुद्धता सुचवतो, ओळख पटवत नाही. युरिया आणि सिनॅमिक आम्ल, दोन्ही १३३ च्या आसपास वितळतात. एकत्र कुटले की कितीतरी खाली.