पालेभाजी बंद नको, बेताने हवी

हृदयात धातूची झडप बसवली की वॉरफरिनची गोळी कायमची मागे लागते. मग कुणीतरी सांगतं, ‘हिरवं बंद करा,’ आणि घरातली मेथी, पालक, शेपू हद्दपार होतात.

यकृत रक्त गोठवणारे काही घटक के जीवनसत्त्वाच्या मदतीने तयार करतं. वॉरफरिन त्यातच अडथळा आणतं. हे जीवनसत्त्व पालेभाज्यांत भरपूर असतं. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात ते दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट भरतं.

समजा, एका बाईंनी पालेभाजी पूर्ण सोडली. त्याच आहारावर गोळीचा डोस ठरला आणि आयएनआर तीनवर स्थिरावला. मग हिवाळ्यात स्वस्त मेथी-पालक रोज ताटात आला. काही दिवसांत आयएनआर दोनच्या खाली घसरला, म्हणजे झडपेवर गुठळी होण्याचा धोका. बाहेरून मात्र काहीच जाणवत नाही; रक्त तपासल्यावरच कळतं. उलट, रोजची भाजी अचानक थांबली तर आयएनआर चढतो, हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर काळेनिळे डाग उठतात.

म्हणून आठवड्यातून तीनदा वाटीभर भाजी खात असाल तर तेवढीच खात राहा. डॉक्टर डोस त्यावर बसवतील. आहार बदलायचा असेल, तर आधी त्यांना सांगा.