‘घे’ आणि ‘थांब’ यांच्यामधली एक रक्तचाचणी

मार्केट यार्डातील एका धान्य व्यापाऱ्याचा बावीस वर्षांचा धाकटा मुलगा वर्षभर नियमाने जिमला जात होता. प्रशिक्षकाने सुचविले, “तू शाकाहारी आहेस, क्रिएटिन घे.” घरच्या डॉक्टरांनी मात्र सांगितले, “थोडा थांब.” आईला डब्यात काही अभक्ष्य असेल अशी शंका, तर वडिलांना मूत्रपिंडाची धास्ती.

प्रशिक्षकाचे म्हणणे निराधार नव्हते. शरीर रोज साधारण 1 ग्रॅम क्रिएटिन स्वतः तयार करते. मांसाहारातून आणखी काही मिळते. शाकाहाऱ्यास ते जवळजवळ मिळत नाही, म्हणून त्याच्या स्नायूंतील साठा कमी असतो. आईच्या शंकेचेही निरसन झाले. ही पूड रासायनिक प्रक्रियेने बनते, मांसापासून नव्हे. मात्र कॅप्सूलचे कवच प्राणिज जिलेटिनचे असू शकते. म्हणून साधी पूडच घ्यावी आणि डब्यावरील हिरवे चिन्ह पाहावे, असे ठरले.

मग डॉक्टरांनी थांबविले का? वडिलांना रक्तदाबाचा विकार होता. शिवाय क्रिएटिनचे शरीरात क्रिएटिनिन होते आणि मूत्रपिंडाची पारख प्रयोगशाळा त्याच क्रिएटिनिनवरून करते. पूड सुरू केल्यावर, मूत्रपिंड निरोगी असूनही, हा आकडा किंचित वाढू शकतो. आधीचा आकडा हाती नसेल, तर ही वाढ पुडीची की आजाराची, हे सांगणे कठीण होते. सुरुवातीची शिल्लक न मांडता लिहिलेल्या खातेवहीसारखेच ते!

म्हणून आधी रक्तदाब, रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासले गेले. तपासणीच्या आदल्या दिवशी जड व्यायाम वर्ज्य होता, कारण त्यानेही आकडा वाढतो. क्रिएटिनिन 1.0 आले, अल्ब्युमिन आढळले नाही, रक्तदाबही ठीक होता. तेव्हा डॉक्टरांनी रोज 3 ग्रॅमला संमती दिली. प्रशिक्षकाने सुचविलेला पहिल्या आठवड्यातील रोज 20 ग्रॅमचा मारा त्यांनी नाकारला. 3 ग्रॅमनेही सुमारे चार आठवड्यांत स्नायूंतील साठा भरतो. निर्जल उपवासाच्या दिवशी पूड आणि व्यायाम दोन्ही बंद, ही अटही घातली.

दोन महिन्यांनी क्रिएटिनिन 1.2 आले आणि वडील घाबरले. डॉक्टरांनी जुना अहवाल शेजारी ठेवला, लघवी पुन्हा तपासली आणि सिस्टॅटिन-सी ही चाचणी करवून घेतली. तिचा आकडा क्रिएटिनच्या सेवनाने बदलत नाही. दोन्ही निर्दोष निघाल्या. वाढ पुडीचीच होती.

लघवीत अल्ब्युमिन आढळले असते किंवा पहिलाच आकडा चढा असता, तर उत्तर ‘नको’ असेच आले असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने ही पूड डॉक्टरांच्या अनुमतीवाचून घेऊ नये. मुलाने दोन्ही अहवाल जपून ठेवले आहेत. पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे.