हेल्थ गोठवली, पण पत्ता पळाला!

गेममध्ये दिसणारी हेल्थ म्हणजे संगणकाच्या मेमरीत साठवलेली एक संख्या. ती हुडकून काढतो मेमरी स्कॅनर. विंडोजवर यासाठी ‘चीट इंजिन’ प्रसिद्ध आहे. त्याच्याबरोबर सरावासाठी एक छोटा प्रोग्रॅमही मिळतो. त्यातल्या दुसऱ्या पायरीवर तुमची हेल्थ असते १०० आणि Hit me दाबलं की ती थोडी घटते.

स्कॅनरला हा प्रोग्रॅम दाखवून १०० शोधायला सांगितलं, की ढीगभर पत्ते समोर येतात, कारण १०० हा आकडा मेमरीत इतरही अनेक कामांसाठी वापरलेला असतो. आता एक फटका खायचा. हेल्थ ९६ झाली, तर Next Scan करून आधीच्या पत्त्यांपैकी आता ९६ कुठे आहे, एवढंच विचारायचं. दोन-तीन फेऱ्यांत बहुधा एकच पत्ता उरतो. काहीच सापडलं नाही, तर संख्येचा प्रकार तपासावा. पडद्यावर ७५ दिसत असताना आत ७५.४ असू शकतं. तेव्हा Float निवडून शोधावं लागतं.

पत्ता खालच्या यादीत घेऊन त्यापुढच्या चौकटीत खूण केली, की हेल्थ ‘गोठते’. पण तिला कुलूप लागत नाही. स्कॅनर ठरावीक काळाने तीच संख्या पुन्हा पुन्हा लिहीत राहतो. म्हणूनच एका फटक्यात सगळी हेल्थ गेली, तर पुढचं लिहिणं होण्याआधीच गेम तुम्हाला मेलेलं ठरवू शकतो.

दुसऱ्या दिवशी गेम उघडला, की त्या पत्त्यावर भलतंच काही सापडतं. खेळाडूची माहिती गेम चालू असतानाच मेमरी मागून घेऊन ठेवली जाते आणि दर वेळी मोकळी जागा वेगळी मिळते. हॉटेलात आपल्याला दर मुक्कामी वेगळी खोली मिळावी, तसं हे. खोली कोणती, हे स्वागतकक्षातल्या नोंदवहीत असतं. गेममध्ये ही नोंद पॉइंटर ठेवतो.

तो शोधण्यासाठी सापडलेल्या पत्त्यावर Find out what writes to this address लावून पुन्हा मार खायचा. समजा, ही सूचना दिसली:

```
mov [rbx+18],eax
```

म्हणजे खेळाडूच्या माहितीच्या सुरुवातीचा पत्ता rbx मध्ये आहे आणि हेल्थ तिथून हेक्स १८, म्हणजे २४ बाइट पुढे. आता rbx मधली संख्या मेमरीत शोधायची. हिरव्या अक्षरांतला पत्ता मिळाला, तर तो प्रोग्रॅमच्या फाइलशी बांधलेला, स्थिर. विंडोज व्हिस्टापासून सुरक्षेसाठी फाइलही वेगवेगळ्या जागी चढवली जाऊ शकते. म्हणून तो ‘फाइलचं नाव + अंतर’ असाच नोंदवावा. मोठ्या गेममध्ये एका पॉइंटरमागे दुसरा, त्यामागे तिसरा अशी साखळी लागते.

गेमचं नवं अपडेट आलं की ही अंतरं बदलू शकतात आणि शोध पुन्हा करावा लागतो. आणि हे सारं एकट्याने खेळायच्या गेमपुरतंच ठेवा. ऑनलाइन गेममध्ये खरी हेल्थ सहसा सर्व्हरवर असते. तिथे आपल्या संगणकावरचा आकडा बदलून हाती काही लागलंच, तर ती बंदी असते.