कोपऱ्यातली गोल चकती

सोमवारी सकाळी टीममधल्या चौदाही जणांना एक मेल आला. कंपनीच्या लॅपटॉपचा गैरवापर झाल्याचं निदर्शनास आलं आहे, असा प्रकार यापुढे खपवून घेतला जाणार नाही, सर्वांनी धोरण पुन्हा वाचावं, इतकंच त्यात होतं. दुपारच्या चहापर्यंत तीन तर्क फिरू लागले होते. कुणीतरी नको ती चित्रं पाहिली, कुणीतरी ऑफिसच्या नेटवर पिक्चर उतरवले, नाहीतर कुणीतरी रात्री दुसऱ्या कंपनीचं काम करत होतं. तिन्ही चुकीचे. वाईट हे, की ज्याच्यामुळे मेल निघाला होता त्याच्यासारखीच चूक करणाऱ्या बाकीच्यांना आपलाही त्यात नंबर आहे याचा पत्ता नव्हता.

पुण्यातल्या त्या कंपनीत लॅपटॉप सांभाळण्याचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे घडलेलं मी जवळून पाहिलं. एका ग्राहक कंपनीचा फोन आला: तुमच्या एका इंजिनिअरच्या नावाने आमच्या पोर्टलवर पहाटे पावणेचारला कुणीतरी शिरलं आहे, आणि तेही परदेशातून. तो इंजिनिअर तेव्हा कोथरूडला घरी झोपला होता. आम्ही त्याचा लॅपटॉप ताब्यात घेऊन दोन दिवस खरवडला. व्हायरस नाही, चोरीचं सॉफ्टवेअर नाही, काहीच नाही. लॅपटॉप स्वच्छ होता आणि पासवर्ड तर गेला होता.

शेवटी त्याला त्याच्याच फोनवर passwords.google.com उघडायला सांगितलं. वीजबिल आणि रेल्वेच्या तिकिटांच्या मधे ग्राहकाचं पोर्टल नाव-पासवर्डसकट बसलेलं होतं. लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये तो स्वतःच्या जीमेलने साइन इन होता. पोर्टल पहिल्यांदा उघडलं तेव्हा क्रोमने विचारलं, पासवर्ड सेव्ह करू का? त्याने ‘सेव्ह’ दाबलं. पासवर्ड त्याच्या खाजगी खात्यात गेला आणि तिथून घरच्या कॉम्प्युटरवर. त्या कॉम्प्युटरवर मुलाने कुठूनतरी गेमचा फुकट ‘मॉड’ आणून बसवला होता. अशा फायलींमधून येणाऱ्या एका जातीच्या प्रोग्रॅमचं एकच काम असतं: ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिनच्या खुणा उचलायच्या आणि बाहेर पाठवायच्या. मिनिटाभरात काम उरकतं, आणि बऱ्याचदा मागे काही उरतही नाही.

हे आमच्याच नशिबी आलं असंही नाही. ओक्टा ही अमेरिकन कंपनी इतर कंपन्यांना लॉगिनची व्यवस्था पुरवते, म्हणजे कुलपं विकणारा दुकानदारच म्हणा. २०२३ मध्ये २८ सप्टेंबर ते १७ ऑक्टोबर या काळात तिच्या ग्राहक-मदत यंत्रणेत चोर वावरत होता. १३४ ग्राहकांच्या फायली त्याला दिसल्या, आणि त्यांतल्या पाच जणांची चालू लॉगिनं त्याने बळकावली. ओक्टाने नंतर स्वतःच जाहीर केलं, की एक कर्मचारी कंपनीच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये खाजगी गूगल प्रोफाइलने साइन इन होता आणि यंत्रणेच्या एका खात्याचं नाव-पासवर्ड त्या प्रोफाइलमध्ये सेव्ह झालं होतं. तिथून ते कसं निसटलं, तर बहुधा त्याचं खाजगी खातं किंवा खाजगी उपकरण फोडलं गेलं असावं, असा कंपनीचा अंदाज. त्यानंतर ओक्टाने आपल्या लॅपटॉपवर खाजगी प्रोफाइल बंदच करून टाकली.

आमच्या इंजिनिअरचं म्हणणं होतं, ‘मी फक्त माझा मेल उघडला होता.’ ते खोटं नव्हतं. २०१८ च्या सप्टेंबरात आलेल्या क्रोम ६९ पासून टॅबमध्ये जीमेल उघडलं, की ब्राउझरही त्याच नावाने साइन इन व्हायचा आणि वर उजव्या कोपऱ्यात गोल चकतीत आपला फोटो यायचा. पासवर्ड खात्यात साठवायला वेगळी परवानगी लागायची, पण समोर निळं बटण आलं, की ते न वाचता दाबायची सवय कुणाला नाही?

म्हणून दुसरं पत्र लिहायचं ठरलं तेव्हा मी हट्टच धरला, की ‘गैरवापर’ हा शब्द नको, कृती लिहा. पत्र इंग्रजीत गेलं, मजकूर साधारण असा:

‘गेल्या आठवड्यात ग्राहकाचा एक पासवर्ड आपल्या लॅपटॉपवरून खाजगी गूगल खात्यात सेव्ह झाला आणि तिथून चोरीला गेला. संबंधित सहकाऱ्याने चौकशीत पूर्ण मदत केली आहे. यापुढे कंपनीच्या लॅपटॉपवरील ब्राउझरमध्ये खाजगी खात्याने साइन इन करू नये. खाजगी मेल फोनवर पाहावा. बँकेचं काम किंवा तिकीट काढणं चालेल, मात्र ते पासवर्ड सेव्ह न करता. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत प्रत्येकाने आपलं खातं तपासावं. कामाचा पासवर्ड सापडल्यास आधी तो बदलावा, सगळीकडून लॉगआउट व्हावं, मग खात्यातून पुसावा आणि आयटीला कळवावं. शुक्रवारपर्यंत स्वतःहून कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही.’

यातल्या दोन गोष्टींवर वाद झाला. पहिली म्हणजे क्रम. लोक आधी पुसतात आणि हुश्श करतात. पण चोराकडे प्रत गेली असेल तर आपल्याकडची पुसून काय होणार? आणि पासवर्ड बदलला तरी चोरलेलं चालू लॉगिन काही ठिकाणी तसंच सुरू राहतं, म्हणून सगळीकडून बाहेर पडणं वेगळं लिहावं लागलं.

दुसरी म्हणजे ते शेवटचं वाक्य. वरिष्ठांना ते फार मऊ वाटत होतं. तेव्हा मी त्यांच्यापुढे सर्ट-इनचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश ठेवला. यंत्रणेत अनधिकृत शिरकाव झाल्याचं लक्षात आलं किंवा कुणी आणून दिलं, की सहा तासांच्या आत सर्ट-इनला कळवायचं, असं तो सांगतो. सहा तास म्हणजे सकाळी दहाला कळलं तर दुपारी चारच्या आत. ज्याच्या हातून चूक झाली तो भीतीने दोन दिवस गप्प बसला, तर तेवढ्या वेळात चोर आत मोकळा फिरतो, आणि आमच्या हाती मात्र काहीच नसतं. वाक्य राहिलं. पण ‘शुक्रवारपर्यंत’ हा शब्द वरिष्ठांनी घातला, आणि तो बरोबर होता. मुदत नसती तर ती माफी कायमचीच झाली असती.

नाव कुणाचंही लिहिलं नाही. चौदा जणांत ते लपलं नाहीच, पण ऑफिसने छापून सांगणं आणि चहावर कळणं यात फरक आहे.

पत्राच्या जोडीला मी क्रोमला कुलूप घातलं. कंपनीच्या ताब्यातल्या ब्राउझरला पुढची ओळ दिली, की ठरलेल्या पत्त्यांखेरीज दुसऱ्या खात्याने ब्राउझरमध्ये साइन इन होता येत नाही (खऱ्या पत्त्याच्या जागी इथे नमुना आहे):

```
RestrictSigninToPattern = .*@example\.com
```

लागू झालं की नाही ते कुणालाही chrome://policy या पानावर पाहता येतं. पासवर्ड सेव्ह करायची सोयही मी बंद केली.

शुक्रवारपर्यंत पाच जणांनी कळवलं. एकाच्या खात्यात तर तीन ग्राहकांचे पासवर्ड होते, त्यातला एक दोन वर्षांपूर्वी संपलेल्या कामाचा आणि अजून चालू. पुढच्या सोमवारी एक जण माझ्या टेबलापाशी आला आणि लॅपटॉपवर फायरफॉक्स बसवून मागू लागला. मी कारण विचारलं.

‘काही नाही हो, क्रोममध्ये आता पासवर्ड सेव्ह होत नाहीत.’