ओळीवरचे कॉर्ड ओळीच्या आत

गिटारवाल्यांच्या वहीत गाणे बहुधा दोन मजली लिहिलेले असते. खाली गाण्याचे शब्द आणि वर, ज्या अक्षरावर कॉर्ड बदलायचा त्याच्या बरोबर डोक्यावर, कॉर्डचे नाव. कागदावर ही पद्धत सोयीची असते, पण संगणकावर तिचा सगळा डोलारा रिकाम्या जागांवर उभा असतो. फाँट बदलला, फोनच्या अरुंद पडद्यावर ओळ मोडली किंवा पट्टी बदलताना G चा Ab झाला, की पुढचे कॉर्ड आपापल्या अक्षरांवरून सरकतात.

यावरचा उपाय म्हणजे कॉर्ड चौकोनी कंसात घालून थेट शब्दांमध्येच लिहिणे. ही लेखनपद्धत कॉर्डप्रो या नावाने ओळखली जाते. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला मार्टिन लेक्लेर आणि मारियो डोरिऑन यांनी तयार केलेल्या ‘कॉर्ड’ या प्रोग्रॅममधून ती आली. कंसातला कॉर्ड त्याच्या लगेच पुढच्या अक्षराला बांधलेला असतो, त्यामुळे ओळ कुठेही मोडली तरी तो त्या अक्षराबरोबरच जातो. उदाहरणार्थ, आधी दोन मजली आणि मग कंसातले रूप:

```
G   C  D7
पाऊस आला दारी

[G]पाऊस [C]आला [D7]दारी
```

हे रूपांतर करताना आधी कॉर्डची ओळ कोणती हे ठरवावे लागते. ओळीतला प्रत्येक तुकडा A ते G यांपैकी अक्षराने सुरू होत असेल आणि पुढे फक्त #, b, m, maj, sus, 7 अशी ठरावीक चिन्हे असतील, तर ती कॉर्डची ओळ समजतात. एखाद-दुसरा तुकडा जुळणे पुरेसे नाही, कारण इंग्रजी गाण्यात A आणि Am हे साधे शब्दही असतात. मराठी ओळ देवनागरीत असल्याने हा गोंधळ सहसा होत नाही.

मग प्रत्येक कॉर्ड ओळीच्या सुरुवातीपासून कितव्या घरात आहे ते मोजायचे. मोजणी शून्यापासून केली, तर वरच्या उदाहरणात G शून्यावर, C चारवर आणि D7 सातवर येतो. खालच्या ओळीतल्या त्याच घरांत कंस घालायचे, पण उजवीकडून सुरुवात करून. [G] आधी घातला तर त्याच्या तीन चिन्हांमुळे पुढची सगळी घरे तीनाने सरकतात आणि C चुकीच्या जागी पडतो. आधी D7, मग C आणि शेवटी G घातला, तर उरलेल्या कॉर्डांची घरे जागची हलत नाहीत.

देवनागरीत खरी अडचण मोजणीची आहे. वाचणाऱ्याला ‘पा’ हे एक अक्षर दिसते. युनिकोडमध्ये मात्र ‘प’ आणि काना ही दोन वेगळी चिन्हे साठवलेली असतात. साध्या प्रोग्रॅमने चिन्हे मोजली की चौथे घर ‘आ’वर न पडता त्याच्या आधीच्या मोकळ्या जागेवर पडते. सातवे घर तर ‘ला’च्या कान्यावर पडते आणि ओळीचे असे होते:

```
[G]पाऊस[C] आल[D7]ा दारी
```

सुटा पडलेला काना पडद्यावर बहुधा ठिपक्यांच्या वर्तुळासह दिसतो. अशी वर्तुळे दिसली की मोजणी चुकली असे समजावे. म्हणून मोजणी चिन्हांची न करता अक्षरांची करावी लागते, म्हणजे व्यंजन आणि त्याची मात्रा, अनुस्वार मिळून एक घर. ‘प्र’सारख्या जोडाक्षरांबाबत जास्त जपावे लागते. युनिकोडच्या जुन्या नियमानुसार त्याचे दोन तुकडे होत, 2023च्या 15.1 आवृत्तीपासून ते एक धरले जाते. जुन्या नियमाचे साधन वापरले, तर कंस जोडाक्षराच्या मधोमध शिरू शकतो.

काही ओळींना आधी साफसफाई लागते. टॅब असतील तर त्यांच्या जागी नेमक्या मोकळ्या जागा भराव्या लागतात. शेवटचा कॉर्ड शब्द संपल्यानंतर असेल, तर खालची ओळ तेवढ्या मोकळ्या जागांनी लांबवावी लागते. कॉर्डच्या ओळीखाली शब्दच नसतील, तर तो वाद्यांचा तुकडा मानून कॉर्ड नुसते कंसात लिहितात. मूळ गाणे कमी-जास्त रुंदीच्या फाँटमध्ये नजरेने जुळवलेले असेल, तर मात्र घरे मोजून उपयोग नाही. देवनागरीच्या बहुतेक फाँटमध्ये अक्षरांची रुंदी सारखी नसते. अशा गाण्यात कॉर्डची जागा ऐकून, हातानेच ठरवावी लागते.

काम झाल्यावर तपासणीचे दोन टप्पे आहेत. कंस आणि त्यांतला मजकूर काढून टाकला, तर उरलेली ओळ, शेवटी वाढवलेल्या मोकळ्या जागा सोडता, मूळ ओळीशी जुळली पाहिजे आणि कंसांची संख्या वरच्या कॉर्डांइतकी भरली पाहिजे. यातून शब्द बिघडले नाहीत आणि कॉर्ड गळला नाही एवढे कळते. तो योग्य अक्षरावर बसला आहे का, हे मात्र गाणे वाजवल्यावरच कळते.