हापूसच्या भागात पोर्तुगीज किती वेळ?

समजा, अर्ध्या तासाच्या एका पॉडकास्ट भागाचा आराखडा तपासायला आला आहे. विषय हापूस. स्वागत आणि गप्पा ४ मिनिटं, पोर्तुगीज आणि आंब्याची कलमं ७, पाहुण्या बागायतदाराचा प्रवास ६, जीआय मानांकन ५, अस्सल हापूस कसा ओळखावा ६ आणि शेवटी आमरसाच्या आठवणी २.

यात विषय आहे, पण ऐकणाऱ्याला काय मिळणार ते कुठेच नाही. ‘हापूसच्या दुनियेची रंजक सफर’ असं लिहूनही भागत नाही, कारण सफर फसली असं कुणी म्हणूच शकत नाही. जे मोडता येत नाही ते वचन कसलं? त्याऐवजी लिहावं: ‘पेटीवर देवगड छापलंय म्हणून जास्त पैसे मोजायचे का, हे भाग संपल्यावर तुम्हाला ठरवता येईल.’ आता हे पाळलं की नाही, ते कुणीही सांगेल.

हे वाक्य समोर ठेवलं की पहिला दोष उघड होतो. ज्यासाठी माणूस थांबला, ते बाविसाव्या मिनिटानंतर सुरू होतं! तरी ओळखण्याच्या खुणा उचलून थेट सुरुवातीला ठेवू नयेत. मग पुढे ऐकायला कारण उरत नाही. सुरुवात बाजारातल्या दोन पेट्यांनी करावी. भावात एवढा फरक का? कारण कर्नाटकातूनही त्याच जातीचा आंबा येतो आणि तो स्वस्त पडतो. मग हापूस म्हणायचं कुणाला? इथे जीआय येतं: २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्याला ते मिळालं. पण पेटीतला आंबाच बदलला तर? आता बागायतदाराला बोलवावं. त्यांचा प्रवास एका वाक्यात पुरे. आणि ‘हा रंग बघा’ हे इथे चालणार नाही. वास, सालीची जाडी, कापल्यावरचा गर, सगळं शब्दांत सांगायला हवं.

राहिले पोर्तुगीज. हापूस हे नाव अफोंसो द अल्बुकर्कवरून आलं असं मानतात, आणि ती गोष्ट रंगते. म्हणूनच ती धोक्याची. सात मिनिटं काढून टाकली तरी पुढचं काही अडत नाही. फक्त एक धागा वाचवावा: हापूस कलमानं वाढतो, म्हणून तेच झाड कर्नाटकातही लागतं आणि फरक उरतो तो माती-हवेचा. जीआय त्यावरच उभं आहे. हे अर्ध्या मिनिटात, भावातल्या फरकाला जोडून सांगता येतं. आमरस सरळ गाळावा.

पाहुणा मात्र रेकॉर्डिंगमध्ये फवारणी, मजुरी, विम्याकडे वळणारच, आणि त्याचं दुःख खरं असतं. त्याला तोडणं बरं दिसत नाही. त्यासाठी आराखड्यात त्याच्या नावापुढे परतीचा प्रश्न आधीच लिहून ठेवावा: ‘दादा, एवढं करून पिकवलेलं फळ गिऱ्हाइकानं हातात घेतलं, तर आधी काय बघायचं?’