सह्यता-संचय
सह्यता-संचय : जुळणीतील यंत्रभागांच्या मापांत मान्य केलेल्या फरकांचा एकत्रित परिणाम. प्रत्येकी १०±०·१ मिमी. जाडीच्या चार चकत्या एकावर एक ठेवल्यास, पराकाष्ठा पद्धतीत सर्व फरक एकाच दिशेचे मानल्याने एकूण जाडी ४०±०·४ मिमी. येते. सांख्यिकीय पद्धतीत फरकांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेतात. त्यामुळे ती ४०±०·२ मिमी. ठरते. चकत्यांची मापे परस्परांवर अवलंबून नसतील, ती १० मिमी.भोवती प्रसामान्य वंटनाने विखुरलेली असतील व ०·१ मिमी. म्हणजे तीन प्रमाण विचलने असतील, तर दहा हजारांपैकी सु. २७ जुळण्याच या मर्यादेबाहेर जातात. मात्र हत्यार झिजून सरासरी जाडी १०·०५ मिमी. झाली, तर निम्म्या जुळण्या ४०·२ मिमी.पेक्षा जाड होतात. म्हणून जेथे एकही जुळणी चुकून चालत नाही, तेथे पहिली पद्धत वापरतात.